न बोललेलं क्रियापद

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन मागे टाकलं की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागतं. टोलनाक्यामुळे हे नाव अनेक प्रवाशांच्या ओळखीचं झालं. गाव दौंड तालुक्यातलं. आसपास ऊस, कांदा, गुऱ्हाळं. या पट्ट्यातल्या एखाद्या घरातले दोन भाऊ सकाळी रस्त्यालगतच्या हॉटेलात बसले आणि घरी परतल्यावर कोणी विचारलं की काय घेतलं, तर उत्तर साधारण असं येईल:

थोरल्यानं चहा घेतला अन् धाकट्यानं दूध.

या प्रकरणातली बहुतेक वाक्यं मी अशीच, याच दोन भावांवर रचली आहेत. मराठी बोलणाऱ्या कुणालाही त्यांची परीक्षा स्वतःच्या कानाने घेता येईल, आणि वाचता वाचता ती घ्यावीच.

वाक्याचा उत्तरार्ध पाहा. ‘धाकट्यानं दूध.’ यात क्रियापद नाही. तरीही ऐकणारा थबकत नाही, विचारत नाही, चुकत नाही. शाळेत आपण याला ‘क्रियापद अध्याहृत आहे’ असं म्हणून पुढे जातो. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. अध्याहृत म्हणजे नेमकं काय? तिथे ‘घेतलं’ हा शब्द खरोखर असतो आणि आपण फक्त तो उच्चारत नाही? की तिथे शब्द वगैरे काही नसतं, ऐकणारा आपला अर्थ लावून घेतो?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांनी त्यावर पक्ष बांधून वाद घातला. त्यांचं नेहमीचं उदाहरण दाराचं: कोणी नुसतं ‘दार’ एवढंच म्हटलं, तर ‘लाव’ हे कुठून आलं? सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने उत्तर दिलं की तिथे शब्दच आणून बसवावा लागतो. शब्दाचा अन्वय शब्दाशीच होतो. हा शब्दाध्याहार. प्रभाकरांचा पक्ष म्हणाला, शब्दाची गरज नाही, अर्थ आणला की पुरे. हा अर्थाध्याहार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न नव्याने उकरला आणि आजही त्यांच्यात हेच दोन तट आहेत. माझं म्हणणं असं की मराठीपाशी या वादात देण्यासारखा फार चांगला पुरावा आहे, आणि तो चहाच्या टेबलावरच सापडतो.

आधी नाव सांगून टाकतो. जोडवाक्याच्या एका भागातलं क्रियापद गाळायचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द मात्र ठेवायचे, या प्रकाराला ‘गॅपिंग’ म्हणतात. हे नाव रूढ केलं जॉन रॉबर्ट रॉस या अमेरिकन अभ्यासकाने, 1970 साली छापलेल्या एका लेखात. त्याचं लक्ष होतं ते गाळलेलं क्रियापद मागच्या भागातलं की पुढच्या भागातलं, यावर. इंग्रजीत क्रियापद पहिल्या भागात राहतं आणि नंतरच्या भागातून गळतं. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तिथे उलटं होतं. आधीचं गळतं, शेवटचं राहतं. मराठीला दोन्ही चालतं. ‘थोरल्यानं चहा घेतला अन् धाकट्यानं दूध’ हेही आपण म्हणतो आणि ‘थोरल्यानं चहा अन् धाकट्यानं दूध घेतलं’ हेही.

ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवली की पहिली गंमत दिसते. पहिल्यात ऐकू येतं ‘घेतला’, दुसऱ्यात ‘घेतलं’. चहा पुल्लिंगी, दूध नपुंसकलिंगी, आणि क्रियापद ज्याच्या शेजारी उभं त्याच्याशी जुळलं. म्हणजे पहिल्या वाक्यात ‘धाकट्यानं दूध’ याच्यापुढे जे लपलं आहे ते ‘घेतला’ असू शकत नाही. ‘धाकट्यानं दूध घेतला’ असं कोणी म्हणणार नाही. तिथे ‘घेतलं’ हवं, आणि ‘घेतलं’ तर पूर्ण वाक्यात कुठेच उच्चारलेलं नाही. पुरुषाचंही तसंच. ‘तू पुण्याला चाललास अन् मी दौंडला.’ उच्चारलं ‘चाललास’, लपलं ‘चाललो’.

तेव्हा गाळलेला शब्द म्हणजे आधीच्या शब्दाचा ध्वनी जसाच्या तसा उचललेला नव्हे. मग लिंग-वचन-पुरुष बदलू शकतं, तर सगळंच बदलू शकतं का? काळ बदलून बघू. ‘थोरल्यानं काल कांदा विकला अन् धाकटा उद्या गवार.’ हे वाक्य कोसळतं. ‘विकेल’ हे आपल्याला कळत नाही अशातला भाग नाही. ‘उद्या’ हा शब्द समोर आहे, संदर्भ स्वच्छ आहे, अर्थ लावायला काहीच अडचण नाही. तरी वाक्य उभं राहत नाही. लिंग बदललेलं चालतं, काळ बदललेला चालत नाही. याचं सरळ कारण असं दिसतं की लिंग-वचन हे क्रियापदाचं स्वतःचं नसतं, ते शेजारच्या नामाकडून शेवटी येऊन चिकटतं. काळ मात्र क्रियापदाच्या अंगचा असतो. गाळताना आपण जुळवतो ते हे अंग.

आता विभक्ती. ‘धाकट्यानं’ यातला ‘नं’, म्हणजे लेखी मराठीतला ‘ने’, कुठून आला? तो कोणत्याही कर्त्याला आपोआप लागत नाही. ‘धाकटा दूध घेतो’, ‘धाकटा दूध घेईल’ यांत तो नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की तो येतो. हा प्रत्यय नामावर दिसतो, पण त्याची मागणी क्रियापदाची असते. मग क्रियापद ऐकू न येताही ही मागणी कशी पुरी होते? फक्त तुकडे ऐका: ‘धाकट्यानं गवार’, ‘धाकट्याला गवार’, ‘धाकट्याकडे गवार’, ‘धाकटा गवार’. पहिल्यामागे ‘विकली’, ‘आणली’ असं काही असणार. दुसऱ्यामागे ‘आवडते’ किंवा ‘हवी’. तिसऱ्यामागे ‘आहे’. चौथ्यामागे ‘विकतो’ किंवा ‘लावणार’. क्रियापद बोललेलं नाही, तरी नामाच्या अंगावर त्याने आपली खूण सोडली आहे.

अर्थाध्याहाराचा पक्ष इथे हार मानणार नाही. तो म्हणेल, ‘नं’ हा करणाऱ्याला लागतो, ‘ला’ हा ज्याला आवडतं त्याला लागतो. हे सगळं अर्थावरूनच ठरतं. लपलेल्या शब्दाची गरज काय? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर अशी दोन क्रियापदं हवीत ज्यांचा अर्थ एक आहे आणि विभक्तीची मागणी मात्र वेगळी आहे. मराठीत ती आहेत, आणि रोज तोंडात असतात.

चहा घेणे आणि चहा पिणे. टपरीवर बसून ‘त्यानं चहा घेतला’ म्हटलं काय आणि ‘तो चहा प्यायला’ म्हटलं काय, घडलं ते एकच. पण व्याकरण निराळं. ‘घेणे’ भूतकाळात कर्त्याला ‘नं’ लावतं आणि कर्माशी जुळतं. ‘पिणे’ हे मराठीतल्या त्या थोड्या सकर्मक क्रियापदांपैकी, ज्यांना भूतकाळातही ‘नं’ नको असतो; ‘शिकणे’, ‘विसरणे’ हीही त्यातलीच. ‘तो चहा प्यायला’, ‘ती चहा प्यायली’. आता दोन्ही जोडवाक्यं करून पाहू:

थोरल्यानं चहा घेतला अन् धाकट्यानं दूध.
थोरला चहा प्यायला अन् धाकटा दूध.

दोन्ही सुरळीत. आता उत्तरार्धांची अदलाबदल करा:

थोरल्यानं चहा घेतला अन् धाकटा दूध.
थोरला चहा प्यायला अन् धाकट्यानं दूध.

दोन्ही कानाला खटकतात. अर्थ कुठेच अडलेला नाही. कोण काय प्यायलं हे बिगरव्याकरणी माणसालाही लख्ख कळतं. जर उत्तरार्धात नुसता अर्थ आणून ठेवायचा असता, तर ‘धाकटा दूध’ आणि ‘धाकट्यानं दूध’ दोन्ही कुठेही चालायला हवे होते, कारण अर्थ तोच आहे. चालत नाहीत, कारण तिथे ‘घेणे’ हा विशिष्ट शब्द किंवा ‘पिणे’ हा विशिष्ट शब्द, त्याच्या हट्टासकट, बसलेला आहे. कुमारिलांचा पक्ष इथे जिंकतो असं मला स्पष्ट वाटतं.

या परीक्षेत दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. काही जण ‘त्यानं चहा प्यायला’ असंही बोलतात. त्यांच्या बोलीत ‘पिणे’ हे ‘घेणे’च्या गटात गेलेलं आहे, म्हणून त्यांना वरची वाक्यं खटकणार नाहीत, आणि तेही नियमाला धरूनच आहे. त्यांनी ‘विसरणे’ आणि ‘हरवणे’ ही जोडी घ्यावी. ‘थोरला छत्री विसरला अन् धाकटा पिशवी’, पण ‘थोरल्यानं छत्री हरवली अन् धाकट्यानं पिशवी’. दुसरी गोष्ट, ही परीक्षा ‘मी’ आणि ‘तू’ घेऊन करू नये. ‘मी चहा घेतला’, ‘मी चहा प्यायलो’. ‘मी’ला प्रत्यय दिसतच नाही, म्हणून पुरावाही दिसत नाही.

आता दुसरा प्रकार, ‘स्लूसिंग’. हेही नाव रॉसचंच, 1969 सालच्या लेखातलं. यात क्रियापद एकटं गळत नाही. प्रश्नार्थक शब्द तेवढा उरतो आणि बाकीचं अख्खं वाक्य गडप होतं.

धाकट्यानं कुणाकडून तरी उचल घेतलीय, पण कुणाकडून ते सांगत नाही.

‘कुणाकडून’ एवढाच शब्द उरला. गडप झालं ते ‘त्यानं उचल घेतलीय’. रॉसने जर्मन भाषेत एक गोष्ट हेरली होती: उरलेल्या प्रश्नार्थक शब्दाची विभक्ती गडप झालेल्या क्रियापदाच्या मागणीप्रमाणेच असावी लागते. मराठीत ती तितकीच कडक आहे. ‘कुणाकडून तरी उचल घेतलीय, पण कोण ते सांगत नाही’ हे नीट बसत नाही. ‘कुणाशी तरी बोलला, पण कुणाशी ते माहीत नाही’ इथे ‘शी’ टाकून चालत नाही. लिंगाचंही तेच. ‘एक गाडी आणलीय, पण कुठली ते बोलेना.’ ‘एक पुस्तक आणलंय, पण कुठलं ते बोलेना.’

या वाक्यांतल्या ‘ते’कडे लक्ष द्या, कारण या मुद्द्यावर मराठी स्वतःहून साक्ष देते. हा ‘ते’ नामानंतर येत नाही. ‘सावकाराचं नाव ते सांग’ असं आपण म्हणत नाही. ‘नाव सांग’ म्हणतो. तो येतो तो अख्ख्या प्रश्नवाक्यानंतर: ‘कुणाकडून उचल घेतली ते सांग’, ‘कधी येणार ते सांग’. मग ‘कुणाकडून ते सांग’ इथेही ‘ते’ आला, याचा अर्थ ‘कुणाकडून’ हा दिसायला एक शब्द असला तरी व्याकरणाच्या हिशोबात तिथे पूर्ण वाक्य आहे.

यात एक नाजूक जागा आहे आणि ती मला फार आवडते. रात्री विहिरीवरची मोटार चोरीला गेली. सकाळी सांगताना दोन्ही तऱ्हा ऐकू येतील:

कुणीतरी मोटार नेली, पण कुणी ते कळलं नाही.
कुणीतरी मोटार नेली, पण कोण ते कळलं नाही.

आत्ता तर विभक्ती कडक आहे म्हटलं, आणि इथे ‘कुणी’ही चालतंय आणि ‘कोण’ही! वरवर पाहता नियम मोडला. पण लपलेली वाक्यं पूर्ण लिहून पाहिली की उलगडा होतो. ‘कुणी’मागे आहे ‘कुणी नेली’. ‘कोण’मागे ‘नेली’ असूच शकत नाही, कारण ‘कोण मोटार नेली’ हे मराठी नाही. ‘कोण’मागे आहे ‘नेणारा कोण होता’. उच्चारलेला भाग जवळजवळ सारखा, पण पोटात दोन वेगळी वाक्यं. पैकी पहिलं खरं स्लूसिंग, आणि दुसरं ‘असणे’ क्रियापदाचं साधं लहान वाक्य, ज्यातला कर्ता आणि ‘होता’ गळला आहे. जपानीसारख्या, प्रश्नार्थक शब्द जागेवरून न हलवणाऱ्या भाषांबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहे की त्यांच्यात स्लूसिंग मुळात असतं का, की दिसतं ते नेहमी या दुसऱ्या जातीचं असतं. मराठीत विभक्तीमुळे दोन्ही जाती डोळ्यांनी वेगळ्या दिसतात.

गॅपिंग आणि स्लूसिंग यांच्या वागण्यात मोठा फरक आहे. गॅपिंगला ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ अशी बरोबरीची जोड लागते. ‘थोरल्यानं चहा घेतला, म्हणून धाकट्यानं दूध’ असं चालत नाही. स्लूसिंगला अशी अट नाही, ते दुसऱ्याच्या वाक्यावरही उभं राहतं. एकाने म्हणावं ‘पोरगा कुणावर तरी चिडलाय’, आणि दुसऱ्याने नुसतं ‘कुणावर?’ एवढंच. ‘वर’ मात्र टळत नाही.

राहिला तिसरा प्रकार. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म, क्रियाविशेषण, सगळा लवाजमा गाळून नुसतं साहाय्यक क्रियापद ठेवता येतं. याला ‘व्हर्ब फ्रेज एलिप्सिस’ म्हणतात, म्हणजे क्रियापदाचा अख्खा गट गाळणं. मराठीत ते जसंच्या तसं नाही. इंग्रजीसारखं रिकामं साहाय्यक क्रियापद आपण वापरत नाही. त्याऐवजी आपल्याकडे दोन चाली आहेत, आणि दोन्ही सारख्याच वाटल्या तरी तशा नाहीत.

समजा कांद्याची प्रतवारी चालली आहे.

थोरल्यानं कांदा नीट निवडला. धाकट्यानं नाही निवडला.
थोरल्यानं कांदा नीट निवडला. धाकट्यानं नाही.

पहिल्या जोडीत क्रियापद परत आलं, ‘कांदा’ आणि ‘नीट’ गळले. माझ्या कानाला याचा अर्थ लागतो की धाकट्याने कांदा निवडलाच नाही. दुसऱ्या जोडीत क्रियापदही गळलं, आणि आता दुसरा अर्थ मोकळा होतो: निवडला, पण नीट नाही. ‘नीट’ हा शब्द दोन्हीकडे अदृश्य आहे, पण दुसरीकडे तो आत जिवंत आहे आणि पहिलीकडे नाही. याचा अर्थ पहिलीत क्रियापदाचा गट गळलेलाच नाही, फक्त ‘कांदा’ हे नाम गाळलं गेलं, जसं आपण एरवीही सारखं गाळतो. ‘भाकरी खाल्ली का?’ ‘खाल्ली.’ तिथेही ‘ली’ने अदृश्य भाकरीचं लिंग सांभाळलेलं असतंच. खऱ्या अर्थाने मोठा गट गळतो तो ‘धाकट्यानं नाही’ आणि ‘धाकट्यानंही’ अशा वाक्यांत.

या शेवटच्या वाक्यातूनच लपलेल्या रचनेचा सर्वांत कामाचा पुरावा निघतो. पाहा:

थोरल्यानं स्वतःची जमीन गहाण ठेवली. धाकट्यानंही.

धाकट्याने कोणाची ठेवली? धाकट्याचीच. थोरल्याची नव्हे. गाळलेल्या भागात ‘थोरल्याची जमीन गहाण ठेवणं’ ही घटना उचलून ठेवलेली असती, तर उत्तर ‘थोरल्याची’ असं आलं असतं. उचलला गेला तो ‘स्वतःची’ हा शब्द, आणि नव्या वाक्यात शिरल्यावर त्याने नवा मालक धरला, जसं ‘स्वतः’ला नेहमी जवळचा कर्ता धरावा लागतो. आता एकच शब्द बदला:

थोरल्यानं त्याची जमीन गहाण ठेवली. धाकट्यानंही.

‘त्याची’ म्हणजे थोरल्याची असं धरलं, तरी इथे दोन अर्थ निघतात. धाकट्याने आपल्या वाट्याची ठेवली, किंवा धाकट्यानेही थोरल्याचीच ठेवली. ‘त्याची’ हा शब्द दोन्ही तऱ्हेने वागू शकतो: नव्या कर्त्याला चिकटतो, नाहीतर पहिल्याच माणसाकडे बोट दाखवत राहतो. रॉसने 1967 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सादर केलेल्या प्रबंधातही या दुहेरी अर्थाची चर्चा आहे. मराठीत ‘स्वतःची’ आणि ‘त्याची’ हे दोन वेगळे शब्द असल्यामुळे हा फरक आपल्याला ताबडतोब ऐकू येतो.

घरच्या गप्पांत हा दुहेरी अर्थ कोणाला त्रास देत नाही, कारण जमीन कोणाची हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. वाटणीपत्र, खरेदीखत, पोलिसांपुढचा जबाब वाचणाऱ्याला मात्र ते ठाऊक नसतं. म्हणून असा कागद करताना ‘धाकट्यानेही’ असं लिहून थांबू नका. नाव, गट नंबर, क्षेत्र आणि क्रियापद, सगळं पुन्हा लिहा. आणि ‘त्याची’ हा शब्द आला असेल तर तो खोडून तिथे माणसाचं नाव घाला.